खटका ओढला, झाकण हललंच नाही

पेट्रोल पंपावर ही गोष्ट नेहमी एकाच क्रमानं घडते. चालक सीटशेजारचा खटका ओढतो, आरशात पाहतो, आणि पंपावरचा मुलगा मागून ओरडतो, "साहेब, टाकी उघडा की!" चालक पुन्हा ओढतो, या वेळी जरा जोरात. मग तो खाली उतरतो आणि झाकणावर दोन थापा मारतो. तोवर मागच्या रांगेतला कुणीतरी अनुभवी माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. तो हातात आला की काही मिनिटांत झाकणाची कड वाकते, रंगाचे टवके उडतात, आणि काही शे रुपयांत मिटणारं काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातं.

झाकण का अडकलं हे बहुतेक वेळा त्या पहिल्या ओढीतच कळलेलं असतं. खटका हाताला कसा लागला, याकडे फक्त लक्ष द्यायला हवं.

त्यासाठी आतली रचना थोडी समजून घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत चालकाच्या उजव्या हाताला, सीट आणि दार यांच्या मधल्या बेचक्यात दोन खटके असतात, एक डिकीचा आणि एक टाकीचा. टाकीच्या खटक्याला एक केबल जोडलेली असते. ती दाराच्या उंबऱ्याच्या फायबरखालून मागे जाते. झाकण डाव्या अंगाला असेल, तर मागच्या सीटखालून आडवी होऊन पलीकडे पोचते. तिथे पत्र्याच्या भोकात प्लास्टिकचं छोटं लॉक बसवलेलं असतं आणि त्यातून स्प्रिंगवरची एक पिन बाहेर आलेली असते. झाकणाच्या आतल्या बाजूची जीभ या पिनेत अडकते. आपण खटका ओढला की पिन साधारण एक सेंटिमीटर मागे सरते आणि जीभ मोकळी होते. झाकण बाहेर ढकलण्याचं काम मात्र पिन करत नाही. ते बिजागरीपाशी किंवा झाकणाच्या मागे बसवलेली पातळ स्प्रिंगपट्टी करते.

सोडण्याचं काम एकाचं, ढकलण्याचं दुसऱ्याचं, हे इथे महत्त्वाचं आहे. झाकण उघडलं नाही म्हणून लोक केबलला दोष देतात आणि कित्येकदा केबल बिचारी चोख काम करत असते.

केबलबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. सायकलच्या ब्रेकला असते तीच ही बोडेन केबल. अर्नेस्ट बोडेन या गृहस्थानं 1896 साली तिचं पेटंट घेतलं. आत पिळाची पोलादी तार असते आणि बाहेर तिला धरून ठेवणारी नळी. तार ओढली जाते, पण त्या ओढीला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा बाहेरची नळी दोन्ही टोकांना पक्की धरलेली असते. नळीचं एक टोक क्लिपमधून निसटलं, तर आपण तार ओढतो, नळी वाकते-सरकते आणि पलीकडची पिन जागची हलत नाही. तार शाबूत, नळी शाबूत, तरी झाकण बंद. या एका कारणानं भलेभले गोंधळतात, कारण खटका ओढताना हाताला थोडाफार ताण जाणवत असतोच.

आता खटक्याकडे येऊ. एक माणूस खटक्याशी बसवावा आणि दुसऱ्यानं झाकणाला कान लावावा. ओढल्यावर मागे 'टक्' असा आवाज आला, तर पिन हलते आहे. मग दोष बहुधा बिजागरीत किंवा स्प्रिंगपट्टीत असतो. खटका एकदम सैल, निर्जीव लागला आणि मागे काहीच वाजलं नाही, तर तार तुटली आहे किंवा खटक्याच्या आकड्यातून सुटली आहे. खटका थोडा ताण देतो, पण मागे आवाज नाही किंवा अर्धवट 'खुर्र' होतं, तर नळी क्लिपमधून सुटलेली असू शकते किंवा तार ताणून लांब झालेली असते आणि पिन पुरती मागे येत नाही. आणि खटका दगडासारखा घट्ट लागला, तर नळीत पाणी जाऊन तार गंजली आहे किंवा पिनच लॉकमध्ये जाम झाली आहे. या शेवटच्या प्रकारात जोर लावू नये. प्लास्टिकचा खटका आधी तुटतो आणि एका दोषाचे दोन होतात.

यातले पहिल्या आणि शेवटच्या प्रकारचे दोष अनेकदा पंपावरच सुटतात, तेही कोणत्याही हत्याराविना. एकानं खटका ओढून धरून ठेवायचा, सोडायचा नाही. दुसऱ्यानं झाकणाच्या मोकळ्या कडेवर, म्हणजे बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, तळहातानं आत दाबायचं आणि झटकन हात काढायचा. लोक झाकण बाहेर ओढायला जातात, इथे उलट आत दाबायचं असतं. झाकण बाहेर येऊ पाहत असताना त्याची जीभ पिनेवर आडवा दाब देते आणि गंजलेली किंवा मातीनं भरलेली पिन त्या दाबाखाली सरकत नाही. आत दाबल्यावर तो भार उतरतो आणि पिन मागे सरते. खटका ओढून धरलेला असतानाच झाकणावर दाब-सोड चारदोनदा केली, तर पुष्कळ झाकणं इथेच उघडतात. पिन वाजते आहे पण झाकण फुलत नाही अशा वेळी खटका धरून ठेवलेला असताना नखानं किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं कड हलकेच उचलायची. लोखंडी काही वापरायचं नाही.

कोकणात आणि गोव्यात हा आजार बिजागरीतून सुरू होतो, आणि त्याचं मूळ कुणी पाहत नाही अशा ठिकाणी असतं. झाकणामागे कॅपभोवती जी वाटी असते, तिच्या तळाशी पाणी जाण्यासाठी एक छोटं भोक असतं. त्याला जोडलेली रबरी नळी चाकाच्या कमानीकडे उतरते. पावसात उडालेला चिखल, गाडी धुताना गेलेली माती आणि पंपावरची धूळ यांनी ते भोक बुजतं. मग वाटीत पाणी साचतं. समुद्राकाठची खारी हवा त्यात भर घालते. बिजागरीची पोलादी पिन फुगते, स्प्रिंगपट्टीचा जोर तिच्यावर चालत नाही, आणि झाकण उघडायला दर महिन्याला थोडा जास्त वेळ लागू लागतो. शेवटी एक दिवस ते उघडतच नाही. तो दिवस बहुधा गणपतीला गावी निघताना येतो, ही बाब वेगळी.

गुहागरकडच्या एका ओळखीच्या घरची दहाएक वर्षांची हॅचबॅक अशीच चिपळूणच्या एका मिस्त्रींकडे आली होती. मालकीणबाई सांगत होत्या, "भाऊ, उन्हाळ्यापासून दोघं लागतात. एकानं खटका धरायचा, एकानं झाकण उचलायचं. आता तर खटकाच ढिला झालाय." मिस्त्रींनी झाकणाला हातही लावला नाही. आधी चालकाच्या सीटशेजारी बसून खटक्याभोवतीचं फायबर काढलं. त्याला एक स्क्रू होता आणि उरलेलं क्लिपांवर होतं. आकड्यात तारेचं टोक होतं, पण तारेचे चारपाच धागे तुटून विस्कटलेले, आणि टोकाचा शिशाचा मणी धाग्यांपासून सुटलेला. झाकण महिनोन्महिने घट्ट असल्यानं ओढ सगळी त्या मण्यावर आली होती. बिजागरीनं केबलचा जीव घेतला होता.

त्यांनी पकडीनं उरलेले धागे धरून तार हळूच मागे ओढली. खटका मोडला असेल आणि तार शाबूत असेल, तर ही सर्वांत सोपी वाट. इथे मात्र धागे पकडीतच तुटायला लागले, म्हणून त्यांनी पुढे ओढलं नाही. उंबऱ्याखाली वायरिंग असतं आणि सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले, तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना धक्का लागू नये, म्हणून इथं उपसाउपस करायची नाही, असं ते म्हणाले.

मग डिकी. डिकीच्या ज्या बाजूला टाकीचं झाकण आहे, त्या बाजूचं आतलं आच्छादन काढायचं असतं. ते दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं. क्लिपचं मधलं बोंड आधी वर उचललं, तर ती अख्खी निघते, थेट खेचली तर तिचा कान तुटतो. काही गाड्यांत आच्छादन पुरतं काढावं लागत नाही, एक कोपरा मोकळा करून हात जाईल एवढी जागा पुरते. काहींत आधी मागचा दिवा काढावा लागतो. मिस्त्रींनी कोपरा मोकळा करून टॉर्च आत धरला. टाकीत जाणारी जाड नळी दिसली आणि तिच्या मागे पत्र्यात बसवलेलं काळं प्लास्टिकचं लॉक, त्यातून निघालेल्या केबलसकट.

यापुढे दोन वाटा आहेत. लॉकच्या मागच्या बाजूनं केबलची तार दिसत असेल, तर नळी एका हातानं धरून तार पकडीनं ओढायची. पिन मागे येते. दुसरी वाट अशी की पुष्कळ गाड्यांत हे लॉक पत्र्याच्या भोकात पाव वळसा फिरवून बसवलेलं असतं. त्याला उलटा पाव वळसा दिला, की लॉक पिनेसकट आत निघून येतं, आणि झाकणाला धरून ठेवायला काहीच उरत नाही. वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक कधीकधी फिरवताना फुटतं. तसं झालं तरी काही बिघडत नाही, कारण ते लॉक तसंही बदलायचंच असतं. त्या दिवशी मिस्त्रींनी लॉक फिरवून काढलं. आतून मोकळं झालेलं झाकण तरीही बाहेर आलं नाही, गंजलेल्या बिजागरीनं धरून ठेवलं होतं.

इथे घाई केली की झाकण वाकतं. मिस्त्रींनी डब्ल्यूडी-40 च्या डब्याला बारीक लाल नळी लावली, बिजागरीच्या बाजूच्या फटीत वरून आणि खालून फवारलं, आणि चहा मागवला. पंधरा-वीस मिनिटांत हा द्रव गंजात झिरपतो. मग डिकीतून आत हात घालून लॉकच्या रिकाम्या भोकातून प्लास्टिकच्या काडीनं झाकण हलकेच बाहेर ढकललं. बोटभर उघडलं, अडलं. आणखी थोडं फवारलं, मागे-पुढे हलवलं, पुन्हा थोडं उघडलं. काही गाड्यांत बिजागरीचा हातच प्लास्टिकचा असतो. तिथे एकदम ओढलं, तर झाकण हातात येतं. त्यामुळे मागे-पुढे, मागे-पुढे, एवढाच उपाय. पूर्ण उघडल्यावर बिजागरीतून लालसर चिखल गळाला.

या कामात काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. टाकीच्या नळीच्या आसपास आपण असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं ती डिकीत आणि जमिनीलगत साचते. त्यामुळे ड्रिल, ग्राइंडर, हीट गन, काडी, लाइटर यांपैकी काहीही नाही, आणि काम उघड्यावरच. झाकणामागून टोकदार हत्यार घुसवलं, तर टाकीच्या रबरी नळीला भोक पडू शकतं, आणि ते कळतं पुढच्या वेळी टाकी फुल केल्यावर. सीएनजी बसवलेल्या गाडीत तर डिकीत सिलिंडर असतो, तो हलवल्याशिवाय कोपऱ्यात हात जात नाही, आणि काही गाड्यांत गॅस भरायचं तोंडही याच झाकणाखाली असतं. दोनशे बारच्या आसपास दाब असलेल्या त्या नळ्यांशी घरी खेळ नको, ते काम सीएनजी जाणणाऱ्या गॅरेजनंच करावं.

अलीकडच्या कित्येक गाड्यांत खटकाच नसतो. झाकण दाबलं की उघडतं आणि सेंट्रल लॉकशी जोडलेली छोटी मोटर पिन पुढे-मागे करते. तिथे आधी सगळी दारं नीट अनलॉक झाली आहेत का, फ्यूज उडाला आहे का, हे पाहायचं. अशा काही गाड्यांत डिकीच्या आच्छादनामागे हातानं ओढायची एक छोटी दोरी दिलेली असते. गाडीच्या पुस्तकात तिचं चित्र असतं. पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डात कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं, ती पिशवी फोडायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

आणखी एका कारणाची दखल घेतली पाहिजे. मागून ठोकलेली गाडी दुरुस्त होऊन आल्यावर झाकण अडकू लागलं, तर केबलच्या मागे लागू नये. नव्या रंगाचे थर कडेला जाड बसलेले असतात किंवा पत्रा सरळ करताना झाकणाची फट एका बाजूला बंद झालेली असते. भोवतालची फट चहूबाजूंनी सारखी दिसते का, ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. सारखी नसेल, तर ज्यानं काम केलं त्याच्याकडेच परत जायचं.

झाकण उघडलं म्हणजे काम निम्मंच झालं. चिपळूणच्या त्या गाडीची बिजागरी जुन्या दातघासणीनं साफ केली, गंज पुसला, आणि मग ग्रीस दिलं. डब्ल्यूडी-40 गंज मोकळा करायला उत्तम, पण काही आठवड्यांत ते उडून जातं, वंगण म्हणून त्यावर विसंबून चालत नाही. बिजागरीला पांढरं लिथियम ग्रीस आणि पिनेला सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर घेऊन बेतानं. कॅपच्या रबरी रिंगवर काही उडू द्यायचं नाही. पाणी जाण्याच्या भोकात जाड नायलॉनचा दोरा घालून माती काढली. तिथेही टाचणी किंवा तार नको, खालची रबरी नळी फाटते. नंतर कॅप घट्ट लावून वाटीत अर्धा कप पाणी ओतलं. कॅप आधी लावायची, नाहीतर पाणी टाकीत. पाणी चाकाच्या कमानीतून खाली टपकलं, तेव्हा मिस्त्री उठले.

नवी केबल घालताना जुनी एकदम ओढून काढायची नाही. जुन्या केबलच्या टोकाला मजबूत सुतळी बांधून ती मागून ओढली, की सुतळी पूर्ण वाटेवर पसरते आणि नवी केबल तिच्या मागे सरळ निघून येते. नाहीतर मागची सीट आणि गालिचा उचलून नवीन वाट शोधावी लागते. नवी केबल यायला दोन दिवस लागणार असतील, तर लॉककडच्या जुन्या तारेला दोरीचा छोटा फास बांधून तो डिकीत आच्छादनाच्या कोपऱ्यातून बाहेर ठेवतात. पेट्रोल भरायचं म्हटलं की डिकी उघडून दोरी ओढायची. दिसायला वेडगळ, पण पाहुण्यांच्या लग्नाला जाऊन येण्यापुरती पुरते.

आणि केबल बसल्यावर लगेच झाकण बंद करून 'बघू उघडतंय का' असं करायचं नाही. झाकण उघडं ठेवूनच एकानं खटका ओढायचा आणि दुसऱ्यानं पिनेकडे पाहायचं. ती पूर्ण आत जाते का, आणि खटका सोडल्यावर स्वतःहून बाहेर येते का, हे पाच-सहा वेळा पाहायचं. पिन अर्धवट मागे येत असेल, तर नळीचं टोक क्लिपमध्ये नीट बसलेलं नाही किंवा तार सैल राहिली आहे. ते आत्ता, झाकण उघडं असतानाच सुधारायचं. डिकीचं आच्छादन सर्वांत शेवटी लावायचं, झाकण एकदा बंद होऊन पुन्हा उघडल्यानंतर.